माडीवरची खोली भाड्याने देताना: बेळगाव भागातल्या घरमालकांसाठी

शहापुरातल्या एका कर सल्लागाराकडे मी बरीच वर्षं हिशेब लिहायचं काम केलं. जून-जुलै आला की लोक पिशवीत कागद घेऊन यायचे. त्यातल्या निम्म्यांच्या घरात एखादा मुलगा नाहीतर मुलगी भाड्याने राहत असे, पण त्या भाड्याचा कागद मात्र पिशवीत कधी नसायचा. "एक खोलीच तर दिलीय, त्याचं काय दाखवायचं?" हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. पुढे अनगोळच्या आमच्या घरातली माडीवरची खोली रिकामी झाली, मी ती भाड्याने दिली आणि एका खोलीतही किती गोष्टी चुकू शकतात हे स्वतःच्या घरात कळलं. हा लेख तेवढ्यापुरताच आहे: आपण राहतो त्याच घरातली एक खोली, राहायला एक विद्यार्थी किंवा नोकरदार, आणि मालक बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचा मराठी माणूस.

आधी घर कोणाच्या नावावर आहे ते बघा

खोली झाडण्याआधी घराचा उतारा काढून बघा. आमच्याकडे पुष्कळ घरं अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असतात. भाडं घेतो थोरला मुलगा, पट्टी भरते आई, आणि गोव्यात नोकरी करणाऱ्या धाकट्याला यातलं काही ठाऊक नसतं. आयकराच्या दृष्टीने भाडं हे घराच्या मालकाचं उत्पन्न, मग पैसे कोणाच्याही खात्यात जमा होवोत. घर आईच्या नावावर असेल तर भाडं आईच्या खात्यात घ्या आणि करारावर सहीही आईचीच घ्या. दोन भावांचा निम्मा-निम्मा हिस्सा ठरलेला असेल तर प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात निम्मं भाडं दाखवायचं. ही गोष्ट आधीच बोलून घेतली नाही तर पाच-सहा हजारांच्या भाड्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलं आहे.

कोल्हापूरचा नमुना इथे चालत नाही

सीमाभागातली ही सगळ्यात नेहमीची चूक. आपण मराठी वाचतो, मराठी व्हिडिओ बघतो, पुण्या-कोल्हापूरच्या नातेवाइकांना विचारतो. निपाणीची माणसं तर कागलहून कराराचा छापील नमुनाच आणतात. त्या नमुन्यावर 'लीव्ह अँड लायसन्स' लिहिलेलं असतं आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचा हवाला दिलेला असतो. घर कर्नाटकात असेल तर तो कायदा त्या घराला लागूच नाही. महाराष्ट्रात असा करार कितीही महिन्यांचा असो, त्याची नोंदणी सक्तीची आहे. इथे केंद्राच्या नोंदणी कायद्याचा साधा नियम चालतो: एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा किंवा वर्षाच्या हिशेबाने भाडं ठरवलेला भाडेकरार नोंदवावा लागतो. म्हणून आपल्याकडे अकरा महिन्यांचा आणि महिन्याच्या भाड्याचा करार करतात.

अकरा महिन्यांबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. "बारा महिने झाले की भाडेकरू मालक होतो," असं जुन्या पिढीतली माणसं अजून मनापासून मानतात. गावातल्या बाजारपेठेत वीस-तीस रुपये भाड्यावर दोन-दोन पिढ्या बसलेले भाडेकरू त्यांनी पाहिले, त्यामुळे ती भीती कुठून आली ते समजतं. पण तुमच्या परवानगीने, तुम्हाला भाडं देऊन राहणारा माणूस नुसती वर्षं उलटली म्हणून मालक होत नाही. अकरा महिन्यांचा संबंध फक्त नोंदणीशी आहे. खरी अडचण वेगळीच असते. करार संपतो, नवा केला जात नाही, आपण भाडं घेत राहतो आणि त्यामुळे नातं महिना ते महिना असं चालू राहतं. मग खोली रिकामी करून हवी असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ प्रमाणे निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. फारच कमी भाड्याच्या जुन्या घरांना मात्र कर्नाटक भाडे कायदा, १९९९ लागू होतो. तसं प्रकरण असेल तर वकिलालाच दाखवा.

कराराचा कागद म्हणजे ई-स्टॅम्प. तो बऱ्याच सौहार्द आणि सहकारी पतसंस्थांत मिळतो. पहिला पक्ष, दुसरा पक्ष, भाडं आणि डिपॉझिट सांगितलं की तिथले लोक मुद्रांक शुल्क काढून देतात. शुल्क भाडं आणि डिपॉझिट दोन्ही धरून ठरतं, म्हणून डिपॉझिटचा आकडा लपवू नका. कमी शुल्काचा कागद कोर्टात पुरावा म्हणून पुढे करायची वेळ आली तर राहिलेलं शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरल्याशिवाय तो स्वीकारला जात नाही. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी ही जोखीम कोणी घेऊ नये.

करार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये टाइप होऊन येतो. मला कळकळीने सांगायचंय ते इथे: जे वाचता येत नाही त्यावर सही करू नका. टाइप करणाऱ्याला समोर बसवून एकेक कलम मराठीत समजून घ्या. आमच्या गल्लीतल्या एका आजींच्या करारात नोटिशीची मुदत तीन महिने छापली गेली होती. जुन्या फाइलमधून उचललेला मजकूर तसाच राहिला होता आणि त्यांना ते कळलं दीड वर्षाने.

करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणती खोली, कोणतं स्नानगृह, जिना आणि गच्ची वापरता येईल का, भाडं कोणत्या तारखेला, डिपॉझिट किती आणि त्यातून काय कापायचं, दोन्हीकडून नोटीस किती दिवसांची, आणि वीज-पाण्याचा हिशेब कसा.

मीटरचा प्रश्न

या शेवटच्या मुद्द्यावर मीच फसले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कर्नाटकात जुलै २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घरगुती ग्राहकाचा २०२२-२३ सालचा महिन्याचा सरासरी वापर काढतात, त्यात दहा टक्के मिळवतात आणि तेवढे युनिट फुकट देतात. वरची मर्यादा २०० युनिट. आमची सरासरी ११० होती, म्हणजे १२१ युनिटपर्यंत बिल शून्य. त्याच्यावर पण २०० च्या आत वापर गेला तर जादा युनिटचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की मात्र त्या महिन्याचं सगळंच बिल आपल्याला भरावं लागतं, फुकट युनिटही गेले.

पहिल्या वर्षी मी "लाइट-पाणी भाड्यातच" असं तोंडी ठरवलं होतं. भाड्याने आलेली मुलगी सालस होती, पण स्नानगृहात गिझर, खोलीत इलेक्ट्रिक शेगडी आणि बेळगावची डिसेंबरातली थंडी. एका महिन्याचा वापर २१४ युनिट झाला. युनिटचा दर साधारण सहा रुपये, वर स्थिर आकार आणि कर धरून बिल दीड हजाराच्या आसपास आलं. भाडं होतं साडेसहा हजार. तिचा स्वतःचा वापर जेमतेम ८५ युनिटचा असेल, पण तिच्या ८५ मुळे आमचे १२१ सुद्धा गेले. यात तिची काही चूक नव्हती, मी आधी गणित मांडायला हवं होतं.

आता उपाय. खोलीच्या वायरिंगवर एक छोटा सब-मीटर बसवून घ्या. इलेक्ट्रिशियनची मजुरी धरून दीड-दोन हजारांत काम होतं. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला दोघांनी मिळून रीडिंग बघायचं आणि मोबाइलवर फोटो काढायचा. करारात लिहायचं की खोलीच्या वापराचे पैसे हेस्कॉमच्या चालू दराने भाडेकरू देईल. त्यावर नफा घेऊ नका. वीज विकायचा आपल्याला अधिकार नाही आणि दहा रुपये युनिट लावणाऱ्या मालकाची बातमी कॉलेजात लगेच पसरते. खोलीला वेगळं दार, वेगळं स्वयंपाकघर असेल आणि ती कायम भाड्यानेच द्यायची असेल तर हेस्कॉमचं स्वतंत्र मीटर घेणं जास्त सोपं. मग त्या मीटरवरची योजना भाडेकरू स्वतःच्या नावाने घेऊ शकतो.

पाण्याचंही आधी सांगा. राकसकोप भरलेलं असलं तरी सगळ्या भागांत रोज पाणी येतं असं नाही, आणि एप्रिल-मेमध्ये नळाचा वार लांबतो. टाकी किती लिटरची, कोणत्या दिवशी भरते आणि टँकर मागवला तर पैसे कसे वाटायचे, हे खोली दाखवतानाच बोला.

माणूस निवडताना

आमच्या बाजूला, उद्यमबागकडे इंजिनिअरिंग कॉलेज आणि कारखाने, त्यामुळे चौकशीला येणारी पोरं चंदगडची, गोकाकची, बागलकोटची, कधी केरळचीही असतात. नेहरूनगरकडे वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि नर्सेस. कारखान्यातला मुलगा पाळीत काम करतो, रात्री एकला परत येतो. तुमच्या घराचं फाटक दहाला बंद होत असेल तर त्याला खोली देऊन दोघांनाही त्रास.

माझा अनुभव असा की जात आणि भाषा विचारून काहीच कळत नाही. वेळा, पाहुणे, स्वयंपाक, गाडी लावायची जागा याबद्दल सरळ बोललं की सगळं कळतं. घरात मांसाहार चालत नसेल तर फोनवरच सांगा. सामान आणल्यावर सांगणं अन्यायाचं आहे. आधीच्या घरमालकाचा नंबर मागा आणि खरोखर फोन करा. त्यांनी "पोरगा बरा आहे" म्हटलं तरी एवढं विचारा: डिपॉझिट पूर्ण परत दिलं का?

आधार आणि कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र यांच्या प्रती घ्या, घरच्यांचा नंबर घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. परदेशी विद्यार्थी असेल तर नियम कडक आहे. तो आल्यापासून २४ तासांत त्याच्या मुक्कामाची माहिती ऑनलाइन भरायची जबाबदारी तुमची, कॉलेजची नव्हे.

खोली दिल्यावर ती त्याची. न सांगता कुलूप काढून आत जाणं, भाडं थकलं म्हणून नळ बंद करणं किंवा फ्यूज काढणं हे करू नका. तुमचं भाडं येणं बाकी असलं तरी त्या कृतीने तुम्हीच दोषी ठरता. लेखी नोटीस, मग वकिलाची नोटीस आणि गरज पडली तर कोर्ट, हा क्रम हळू आहे, पण तोच आहे.

भाड्याचा हिशेब आणि आयकर

डिपॉझिट आणि भाडं बँकेतूनच घ्या. वीस हजार किंवा त्याहून जास्त ठेव रोखीने घ्यायला आणि परत करायला आयकर कायद्यात मनाई आहे, दंड तेवढ्याच रकमेचा असतो. भाडं रोख घेतलंच तर पावती द्या, आणि पाच हजारांवरच्या रोख पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावा. डिपॉझिट हे उत्पन्न नाही, कारण ते परत द्यायचं आहे. निघताना त्यातून थकलेलं भाडं वळतं केलं तर तेवढा भाग भाडं म्हणून धरला जातो.

आता माझाच एका वर्षाचा हिशेब मांडते. त्यावरून रीत कळेल.

आमचं घर १,२०० चौरस फूट. खोली, स्नानगृह आणि पुढची गॅलरी मिळून २४० चौरस फूट, म्हणजे घराचा पाचवा हिस्सा. भाडं ६,५००. मे महिना खोली रिकामी होती, म्हणून अकरा महिन्यांचे ७१,५०० रुपये आले. नवा भाडेकरू शोधूनही खोली रिकामी राहिली, तर त्या महिन्याचं न आलेलं भाडं उत्पन्नात धरावं लागत नाही.

घरपट्टी ४,५०० रुपये. त्यातला पाचवा हिस्सा, म्हणजे ९०० रुपये, भाड्यातून वजा होतो. इथे लोक हमखास चुकतात. पट्टी मालकाने आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली असली पाहिजे. नुसतं चलन निघालेलं चालत नाही आणि सगळ्या घराची पट्टीही वजा करता येत नाही. मी ती एप्रिलमध्येच भरते. पाच टक्के सूट मिळते आणि पावती वर्षाच्या फाइलमध्ये पहिली लागते.

राहिले ७०,६००. यातून सरसकट तीस टक्के वजा होतात, म्हणजे २१,१८०. रंग, प्लंबर, सब-मीटर, पंखा असं काहीही वेगळं दाखवायचं नाही आणि बिलंही लागत नाहीत. एक रुपया खर्च केला नसेल तरी तीस टक्के मिळतात, आणि पन्नास हजारांची दुरुस्ती केली तरी तेवढेच. म्हणजे करपात्र उत्पन्न ४९,४२०. घरावर कर्ज असेल तर त्या वर्षाच्या व्याजाचा पाचवा हिस्साही भाड्याच्या भागावर वजा होतो. आपण राहतो त्या भागाचं उत्पन्न शून्य धरतात, आणि नव्या करपद्धतीत त्या भागाच्या व्याजाची वजावट मिळत नाही.

समजा मालकाला वर्षाला ५,४०,००० रुपये पेन्शन आहे. २०२५-२६ या वर्षासाठी नव्या पद्धतीत पेन्शनमधून ७५,००० वजा होऊन ४,६५,००० राहतात. त्यात ४९,४२० मिळवले की ५,१४,४२०. बारा लाखांपर्यंत सवलत असल्यामुळे कर शून्य येतो. पण विवरणपत्र भरावंच लागतं, कारण उत्पन्न चार लाखांच्या वर आहे. "कर नाही म्हणजे भरायचं नाही" असं समजून घरी बसलेल्या लोकांना पुढे नोटीस येते. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे. त्यातही घरभाड्यावरची तीस टक्क्यांची वजावट तशीच आहे.

भाडं दडवलं तर ते कळतं कसं, असंही लोक विचारतात. नोकरदार भाडेकरू कंपनीत घरभाडे भत्त्याची सवलत मागतो. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. तो पॅन तुमचा, आणि तुमच्या विवरणपत्रात भाडं नाही. एवढं पुरतं.

जेवण देणार असाल तर हिशेब वेगळा ठेवा. आमच्या शेजारी जयश्रीवहिनी दोन मुलींना डबाही देतात. सुरुवातीला त्या खोली आणि डबा मिळून नऊ हजार एकरकमी घ्यायच्या. आता करारात खोलीचे ५,५०० आणि डब्याचे ३,५०० वेगळे आहेत. तीस टक्क्यांची वजावट फक्त खोलीच्या भाड्यावर मिळते. डब्याच्या पैशातून सामान, गॅस असा झालेला खर्च वजा करून उरलेलं वेगळ्या शीर्षकाखाली दाखवावं लागतं. एक-दोन खोल्यांपुरतं हे घरगुती राहतं. पाच-सहा कॉट टाकून पीजी चालवायचा बेत असेल तर महापालिकेचा व्यवसाय परवाना आधी विचारा. ते काम वेगळं आहे आणि त्याचे नियमही वेगळे.

निघण्याचा दिवस

मुलगी राहायला आली त्या दिवशीच मी खोलीचे फोटो काढले होते: भिंती, नळ, खिडकीची काच, गादी, मीटरचं रीडिंग. ते तिलाही पाठवले. ती निघाली तेव्हा तेच फोटो समोर ठेवून दोघींनी खोली बघितली. वर्षभरात भिंत मळते, रंग उडतो, तो वापराचा भाग आहे आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू नयेत. खिडकीची काच मात्र तिच्या हातून फुटली होती, त्याचे ३५० आणि शेवटच्या महिन्याच्या विजेचे ४१० असे ७६० रुपये वजा केले. वीस हजारांतले उरलेले १९,२४० तिच्या खात्यावर त्याच दुपारी पाठवले. हिशेब कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या, एक प्रत तिच्याकडे, एक माझ्या फाइलमध्ये. मग तिने किल्ली दिली. दुसरी किल्ली तिने करून घेतली असेल तर म्हणून मी कुलूप बदललं, आणि ती खोली सोडून गेल्याचं पोलीस ठाण्यात कळवलं.

पुढच्या भाडेकरूसाठी करार नवा, ई-स्टॅम्प नवा, फोटोही नवे. जुन्या करारावर तारीख खोडून नवी घालू नका.